पुस्तक घेण्याआधी परीक्षेचा नंबर बघा: कॉम्पटिया ए प्लसला नव्याने बसणाऱ्यांसाठी

9 ऑगस्ट 2025, राखीपौर्णिमा. ताई वसमतहून नांदेडला माझ्याकडे आली होती, सोबत भाचा. जेवणं झाली तशी त्यानं मोबाईल पुढं केला. "मामा, ए प्लसचा पहिला पेपर निघाला बरं का. आता दुसरा दिवाळी झाल्यावर देतो. क्लासवाले सर म्हणले, घाई नाही."

मी हार्डवेअर-नेटवर्किंगचं काम करतो, संध्याकाळी चार-सहा पोरांना शिकवतो. त्याच्या निकालाच्या कागदावर 220-1101 हा नंबर दिसला आणि मला त्याचं अभिनंदन करायचंही सुचेना. ए प्लस म्हणजे कॉम्पटिया या कंपनीचं कॉम्प्युटर सपोर्टचं प्रमाणपत्र, ते दोन पेपर काढल्यावर मिळतं. हा पेपर आणि त्याचा जोडीदार 220-1102, दोन्ही 25 सप्टेंबर 2025 ला कायमचे बंद होणार होते. दिवाळी होती 20 ऑक्टोबरच्या सुमारास. त्याच्या हातात अडीच महिने नव्हते, सत्तेचाळीस दिवस होते. आणि ते चुकले असते तर जुलैत काढलेला पहिला पेपरही वाया गेला असता.

ज्या क्लासनं त्याला फेब्रुवारीत बसवलं, त्यांनी ही तारीख सांगितली नाही. त्याचा राग मला आजही आहे. पण ही तारीख कुणी सांगायची वाट बघावी अशी गोष्टच नाही. दहा मिनिटांत स्वतः बघता येते, एक रुपया लागत नाही. ती कशी बघायची आणि बघून काय ठरवायचं, हे मी इथं ए प्लस समोर ठेवून सांगतो. आपल्याकडचे बहुतेक नवखे इथूनच सुरुवात करतात आणि दोन पेपर असल्यामुळे सगळ्यात जास्त फसगतही इथंच होते.

आधी नंबर ओळखा

"ए प्लस करतोय" एवढ्यानं काही कळत नाही. ए प्लस हे प्रमाणपत्राचं नाव झालं. परीक्षेला नंबर असतो आणि काही वर्षांनी तो बदलतो. ए प्लसचे अलीकडचे तीन जोड असे आहेत:

220-1001 आणि 220-1002: जानेवारी 2019 मध्ये सुरू, ऑक्टोबर 2022 मध्ये बंद.
220-1101 आणि 220-1102: एप्रिल 2022 मध्ये सुरू, 25 सप्टेंबर 2025 ला बंद.
220-1201 आणि 220-1202: 25 मार्च 2025 ला सुरू.

जोडातला पहिला नंबर कोअर वन, दुसरा कोअर टू. कोअर वनमध्ये हार्डवेअर, मोबाईल, नेटवर्किंग असतं. कोअर टूमध्ये ऑपरेटिंग सिस्टीम, सुरक्षा आणि सॉफ्टवेअरच्या तक्रारी सोडवणं असतं. कंपनीच्या पानावर नव्या जोडापुढं V15 असंही लिहिलेलं दिसतं. तो याच जोडाचा व्हर्जन नंबर आहे, वेगळी परीक्षा नव्हे.

आता एक नियम नीट लक्षात घ्या, सगळा घोळ त्याच्यावरच होतो. दोन्ही पेपर एकाच जोडातले हवेत. 1101 काढला आणि 1202 काढला, तर दोन पेपर निघाले पण ए प्लस मिळत नाही. 1101 ला 1102 च लागतो. म्हणून जोड बंद झाला की अर्धवट राहिलेल्याचा काढलेला पेपर कागदावर राहतो, पण त्याचं प्रमाणपत्र होत नाही. एकच पेपर असलेल्या परीक्षेत असं अर्ध्यावर अडकायचं भय नसतं. ए प्लसमध्ये असतं.

तुमच्याकडच्या साहित्याचा नंबर शोधा. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तो असतोच, पण बऱ्याचदा खाली बारीक अक्षरात. छपाईच्या सालावर जाऊ नका. 2024 मध्ये पुन्हा छापलेलं पुस्तक 1101 चंच असू शकतं. संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातल्या दुकानात किंवा सिनिअरकडून अर्ध्या किमतीत मिळालं म्हणून लगेच उचलू नका, आधी नंबर वाचा. व्हिडिओचंही तसंच. यूट्यूबवरच्या प्रोफेसर मेसर यांच्यासारखे चांगले शिकवणारे प्रत्येक व्हिडिओच्या शीर्षकातच नंबर देतात. शीर्षकात नंबरच नसेल, तर ते व्हिडिओ समजून घेण्यापुरते बघा, परीक्षेची तयारी त्यांच्यावर ठेवू नका.

क्लासला एकच प्रश्न विचारा: "सर, या बॅचमध्ये कोणत्या नंबरचे पेपर शिकवणार आणि बॅच कधी संपणार?" उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून मागा. जो नंबर सांगू शकत नाही, त्याच्याकडे फी भरू नका. हे मी जरा कडक बोलतोय, पण भाच्याच्या बॅचमध्ये अकरा पोरं होती आणि त्यातल्या एकालाही आपल्या पेपरचा नंबर माहीत नव्हता.

मग तारीख शोधा

कॉम्पटियाच्या स्वतःच्या वेबसाईटवर जा. ए प्लसच्या पानावर परीक्षेचा तपशील असतो: किती प्रश्न, किती वेळ, किती गुण लागतात, परीक्षा कधी सुरू झाली, कधी बंद होणार. ए प्लसच्या एका पेपरला जास्तीत जास्त 90 प्रश्न आणि 90 मिनिटं असतात. पास व्हायला कोअर वनला 675 आणि कोअर टूला 700 गुण लागतात, गुणांची पट्टी 100 ते 900 ची. या सगळ्यात नवखा माणूस गुण बघतो आणि पान बंद करतो. तुम्ही दोन ओळी शोधा, सुरू झाल्याची आणि बंद होण्याची.

बंद होण्याच्या ओळीत दोन प्रकार दिसतात. एक, ठरलेली तारीख दिलेली असते. मग काम सोपं, तारीख लिहून घ्या. दुसरा प्रकार जास्त वेळा दिसतो. तिथं तारीख नसते, "सुरू झाल्यापासून साधारण तीन वर्षांनी" अशा अर्थाचं वाक्य असतं. ते वाचून बरेच जण "म्हणजे अजून ठरलेलं नाही" म्हणून सोडून देतात. तिथं सोडू नका, तिथून आपला हिशोब सुरू होतो.

वरच्या तारखा पुन्हा बघा. 1001 चा जोड पावणेचार वर्षांच्या आसपास चालला, 1101 चा साधारण तीन वर्षं पाच महिने. म्हणजे "तीन वर्षं" हा आकडा खालचा धरायचा. तीन वर्षं भरली की लगेच बंद होईल असं नाही, पण भरत आली की रोज सावध राहायचं. नवा 1201 चा जोड 25 मार्च 2025 चा आहे, त्यात तीन वर्षं मिळवली की मार्च 2028 येतो. आज अभ्यासाला बसणाऱ्याला तिथपर्यंत भरपूर जागा आहे. पण कुणी 2027 च्या शेवटी सुरू करायचं म्हणत असेल, तर त्यानं पान उघडल्याशिवाय पुस्तक घेऊ नये.

तीन वर्षांच्या हिशोबापेक्षा पक्की खूण दुसरीच आहे: पुढचा जोड सुरू होणं. नवा जोड आल्यावर जुना लगेच बंद होत नाही, काही महिने दोन्ही सोबत चालतात. 1101 एप्रिल 2022 ला आला आणि 1001 ऑक्टोबरमध्ये गेला, सहा महिने. 1201 हा 25 मार्चला आला आणि 1101 हा 25 सप्टेंबरला गेला, बरोबर सहा महिने. कॉम्पटियाच्याच नेटवर्क प्लस परीक्षेचंही तेच: N10-009 हा 20 जून 2024 ला आला, N10-008 हा 20 डिसेंबरला बंद झाला. त्यांच्या सिक्युरिटी प्लस परीक्षेत थोडा जास्त वेळ मिळाला होता. SY0-701 हा 7 नोव्हेंबर 2023 ला आला आणि SY0-601 हा 31 जुलै 2024 पर्यंत चालला. पण जास्त मिळेल या भरवशावर बसू नका. नवा नंबर दिसला की सहा महिने उरले, असंच धरून चाला.

एक शहानिशा बुकिंगच्या ठिकाणी होते. कॉम्पटियाच्या परीक्षा पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीमार्फत होतात. तिथं खातं उघडून परीक्षा निवडली, सेंटर निवडलं की कॅलेंडर येतं, आणि पैसे भरायचा भाग त्याच्या नंतर असतो. म्हणजे पैसे न भरता तुम्हाला दोन गोष्टी बघता येतात: तुमचा नंबर यादीत आहे का, आणि तुमच्या मनातल्या तारखेला स्लॉट आहे का. मात्र कॅलेंडर तसंही फार पुढच्या तारखा दाखवत नाही, त्यामुळे लांबची तारीख दिसली नाही म्हणून परीक्षा बंद होतेय असा अर्थ काढू नका. बंद होण्याची तारीख कॉम्पटियाच्या पानावरचीच खरी.

उलटा हिशोब

तारीख मिळाली की आपण पुढं मोजायला लागतो: आज सुरू केलं, तीन महिन्यांनी पहिला पेपर, मग दुसरा. मी सांगतो, शेवटाकडून मागं मोजा. शेतात पेरणीचा अंदाज पावसावरून मागं मोजून काढतात, तसंच.

25 सप्टेंबर 2025 घेऊन मोजून दाखवतो. ती तारीख गेली आहे, पण पुढच्या जोडाला हाच हिशोब लागणार आहे.

शेवटचे दोन आठवडे आधीच बाजूला काढून ठेवा. परीक्षा बंद व्हायच्या तोंडावर सगळेच धावतात, हव्या त्या सेंटरवर स्लॉट मिळत नाही. आणि आपल्याकडं सप्टेंबर म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. म्हणजे शेवटचा शहाणपणाचा दिवस 11 सप्टेंबर.

आता नापास झालो तर काय, याची जागा ठेवा. कॉम्पटियाचा नियम असा: पहिल्यांदा नापास झालात तर दुसऱ्यांदा बसायला थांबावं लागत नाही. दुसऱ्यांदाही गेला, तर तिसऱ्या वेळेआधी 14 दिवस थांबावं लागतं. प्रत्येक वेळी पूर्ण फी नव्यानं भरावी लागते. थांबावं लागत नाही म्हणून दुसऱ्या दिवशीच कुणी बसत नाही, चुकलेला भाग पुन्हा वाचायला दोन आठवडे लागतातच. म्हणजे कोअर टूचा पहिला प्रयत्न 28 ऑगस्टच्या आधी. 27 ऑगस्टला गणपती बसले, मग आपण 25 ऑगस्ट धरू.

कॉलेज किंवा नोकरी सांभाळून कोअर टूच्या तयारीला आठ आठवडे लागतात, असा माझ्या पोरांचा अनुभव आहे. म्हणजे कोअर वन जूनच्या शेवटी निघालेला हवा. कोअर वनला शून्यापासून सुरू करणाऱ्याला दहा आठवडे लागतात. मागं मोजत गेलं की एप्रिलचा मधला आठवडा येतो.

म्हणजे ज्यानं एप्रिल 2025 च्या मध्यापर्यंत सुरुवात केली नव्हती, त्यानं 1101 ला हात लावायलाच नको होता. आणि नवा जोड त्याआधी, 25 मार्चलाच आलेला होता. यावरून ए प्लससाठी मी एक गोष्ट पक्की सांगतो: नवा जोड सुरू झाला त्या दिवशी ज्याचा अभ्यास शून्य आहे, त्यानं सरळ नवा जोड धरावा. ज्याचा पहिला पेपर निघालाय किंवा निघायच्या बेतात आहे, त्यानं जुनाच धरून पळावं. मधल्या माणसानं वरचा हिशोब स्वतःच्या आठवड्यांनी मांडून बघावा.

अर्ध्यावर सापडलात तर

भाचा नेमका दुसऱ्या प्रकारातला. त्या राखीच्या दिवशी आम्ही जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं लिहीत बसलो. हातात 47 दिवस. एक वाट, 1102 साठी पळायचं. दुसरी वाट, 1201 आणि 1202 दोन्ही नव्यानं द्यायचे, म्हणजे दोन फी आणि सहा महिने. ताई म्हणाली, "पैशाचं बघू, पण पोराचा जीव नको घालवू अभ्यासात." मी म्हटलं, "ताई, पहिला पेपर त्याच्या कष्टाचा आहे, तो असा नाही जाऊ द्यायचा."

पहिला प्रयत्न आम्ही 8 सप्टेंबरला, सोमवारी ठेवला. 6 तारखेला विसर्जन होतं, घरात गडबड संपलेली असणार. राखीव दिवस धरला 19 सप्टेंबर. 17 तारखेला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी, तिथं मन लागत नाही, म्हणून त्यानंतरचा. आणि त्याला आधीच सांगून ठेवलं, की 19 ला गेला तर संपलं. दुसऱ्यांदा नापास झाल्यावर 14 दिवस थांबायचं म्हणजे 3 ऑक्टोबर, आणि तोवर परीक्षाच उरत नाही. त्याच्याकडे तीन नव्हे, दोनच संधी होत्या. हे त्याला 9 ऑगस्टलाच कळलं म्हणून तो जिद्दीनं बसला.

अभ्यासात आम्ही कंपनीचा मोफत मिळणारा अभ्यासक्रमाचा पीडीएफ घेतला. प्रत्येक परीक्षेचा असा पीडीएफ असतो, त्यात काय विचारणार त्याची ओळन्‌ ओळ दिलेली असते आणि वरती नंबर छापलेला असतो. त्यानं प्रत्येक ओळीपुढं पेन्सिलीनं खूण केली: येतं, अर्धवट येतं, येत नाही. क्लासच्या नोट्समध्ये विंडोजच्या कमांड ओळीचा भाग जवळजवळ नव्हताच, तो त्यानं माझ्या दुकानातल्या मशीनवर बसून केला. ज्या ओळींवर तो सगळ्यात जास्त अडला, त्या अशा साध्या होत्या:

```
ipconfig /all
sfc /scannow
chkdsk C: /f
gpupdate /force
```

वाचून वाटतं येतात. पण "यूजरच्या मशीनला पॉलिसी लागली नाही, आधी काय चालवशील" असं विचारलं की पोरं गप्प बसतात. त्यानं प्रत्येक कमांड चालवली, पडद्यावर काय आलं ते वहीत लिहिलं.

8 सप्टेंबरला तो पहाटेच्या गाडीनं छत्रपती संभाजीनगरला गेला. दुपारी फोन आला. "मामा, सोळानं गेला." 684 आले होते, 700 लागतात. त्याचा आवाज पार बसला होता. मी त्याला निकालाच्या कागदावर खाली काय लिहिलंय ते वाचायला लावलं. नापास झालं तरी त्या कागदावर कोणकोणत्या मुद्द्यांत चुकलात त्याची यादी असते. त्यात सुरक्षेचे बरेच होते. मग पुढचे दहा दिवस फक्त तेच मुद्दे. 19 तारखेला 733 आले आणि ए प्लस पूर्ण झालं.

त्याच महिन्याच्या शेवटच्या दहा दिवसांत मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. नद्यांना पूर आले, कित्येक गावांचे रस्ते तुटले, पिकं पाण्यात गेली. आमच्या ओळखीतल्या एकानं 24 सप्टेंबरचा स्लॉट घेतला होता. त्याला सेंटरपर्यंत पोचताच आलं नाही. स्लॉट बदलायचा तर किमान 24 तास आधी बदलावा लागतो, आणि बदलून तरी कुठं नेणार, दुसऱ्या दिवशी परीक्षाच बंद. शेवटचे दोन आठवडे सोडा असं मी म्हणतो ते यासाठी. घरून ऑनलाईन देता येते, पण लाईट आणि नेट दोन्ही तीन-चार तास टिकतील याची खात्री असेल तरच तो विचार करा. पावसाळ्यात मी तरी तो सल्ला देत नाही.

व्हाउचरच्या तारखेनं फसू नका

परीक्षेची फी बहुतेक जण व्हाउचर घेऊन भरतात. व्हाउचरवर मुदत असते, साधारण वर्षभराची. भाच्याच्या बॅचमधल्या एकाचं व्हाउचर जानेवारी 2026 पर्यंत चालणारं होतं. तो म्हणत होता, "माझ्याकडे जानेवारीपर्यंत वेळ आहे." नव्हता. व्हाउचरची मुदत ही पैशाची मुदत आहे, परीक्षेची नव्हे. दोन तारखांतली जी आधी येते, ती तुमची. व्हाउचरची मुदत आधी संपत असेल, तर त्या मुदतीच्या आत परीक्षा द्यावी लागते, नुसतं बुकिंग करून ठेवलं तर चालत नाही. आणि व्हाउचर कुठल्या परीक्षेला चालेल, ते विकणाऱ्याकडून पैसे देण्याआधी लेखी घ्या. अभ्यासाच्या सुरुवातीलाच व्हाउचर घेऊन ठेवायची घाई करू नका. सराव परीक्षेत सलग दोन-तीन वेळा चांगले गुण पडायला लागले की मग घ्या.

जुन्या नंबरवर पास झालं तर प्रमाणपत्र कमी दर्जाचं का?

नाही. हा प्रश्न मला प्रत्येक पोरगं विचारतं, म्हणून वेगळा लिहितो. बंद होण्याच्या आदल्या दिवशी जरी दोन्ही पेपर पूर्ण झाले, तरी ए प्लस पूर्ण तीन वर्षं चालतं. भाच्याचं सप्टेंबर 2028 पर्यंत आहे. परीक्षा बंद झाली म्हणून त्याचं प्रमाणपत्र बंद झालं नाही. मुलाखतीत नंबर कुणी विचारत नाही, काम येतं का ते विचारतात.

जुन्या पुस्तकाचंही तेच. ते टाकून द्यायची गरज नाही. 1101 आणि 1201 दोन्हींचे मोठे विभाग तेच आहेत: मोबाईल उपकरणं, नेटवर्किंग, हार्डवेअर, व्हर्च्युअलायझेशन आणि क्लाउड, आणि बिघाड शोधणं. रॅम, पोर्ट, केबल, आयपी पत्ता यातलं शिकलेलं नव्या पेपरला कामी येतं. फक्त नव्या नंबरचा पीडीएफ शेजारी ठेवून कोणत्या ओळी नव्या आल्या ते बघा आणि तेवढ्या दुसरीकडून शिका. जुन्या नंबरचा सराव प्रश्नसंच मात्र ठेवू नका. त्यावर चांगले गुण पडतात आणि तयारी झाल्याचा खोटा धीर येतो.

दुसऱ्या कंपनीची परीक्षा असेल तर

कॉम्पटियाचा सहा महिन्यांचा हिशोब सगळीकडं लावू नका. ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस या क्लाउड सेवेच्या परीक्षांमध्ये असा सोबत चालण्याचा काळ सहसा मिळत नाही. त्यांच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेत CLF-C01 चा शेवटचा दिवस 18 सप्टेंबर 2023 होता आणि CLF-C02 दुसऱ्या दिवशीपासून सुरू झाली. तिथं जाहीर झालेल्या तारखेच्या आत द्या, नाहीतर नव्यानं वाचा. सिस्कोच्या सीसीएनए या नेटवर्किंगच्या परीक्षेत नंबर तोच राहून आतला मजकूर बदलू शकतो: 200-301 ची 1.1 आवृत्ती 20 ऑगस्ट 2024 पासून आली, नंबर जुनाच. म्हणून तिथं नंबरापुढची आवृत्तीही वाचा. मायक्रोसॉफ्टच्या परीक्षांना AZ-900 सारखे नंबर वर्षानुवर्षं राहतात. तिथं अभ्यास मार्गदर्शकाच्या पानावर "Skills measured as of" असं लिहून पुढं तारीख असते, ती बघायची. आणि त्यांची एमटीए ही नवख्यांची पूर्ण मालिकाच 30 जून 2022 ला बंद झाली. म्हणून मायक्रोसॉफ्टचं काही धरायच्या आधी ते बंद होणाऱ्यांच्या यादीत तर नाही ना, एवढं बघून घ्या.

वहीच्या पहिल्या पानावर

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पोराच्या वहीच्या पहिल्या पानावर मी आता पाच ओळी लिहून घेतो: पेपरचा नंबर, तो सुरू झाल्याची तारीख, त्यात तीन वर्षं मिळवून येणारी तारीख, कंपनीनं बंद होण्याची तारीख दिली असेल तर ती, आणि आज आपण पान बघितलं ती तारीख. शेवटची ओळ महिन्याच्या एक तारखेला बदलायची. पान बघायचं, नवा नंबर आलाय का ते बघायचं, तारीख खोडून नवी लिहायची.

मागच्या आठवड्यात एक मुलगी आली, परभणीची. तिला सिक्युरिटी प्लस करायचं आहे. तिच्या वहीत आम्ही लिहिलं: SY0-701, 7 नोव्हेंबर 2023, अधिक तीन वर्षं म्हणजे नोव्हेंबर 2026. ती म्हणाली, "सर, मग तर जवळच आलं की." हो. एकच पेपर आहे, त्यामुळे अर्ध्यावर अडकायचं भय नाही, पण रमतगमत वाचायचा हा काळ नव्हे. तिनं दर एक तारखेऐवजी दर सोमवारी पान बघायचं ठरवलंय, आणि नवा नंबर दिसेपर्यंत पुस्तक न घेता पीडीएफ आणि मोफत व्हिडिओंवर अभ्यास सुरू केलाय.